आखाजीच्या महिन्याचा ओटीचा अंदाज: शिफ्ट चार्ट आणि मस्टरवरून कसा काढायचा

महिन्याच्या पंचवीस तारखेच्या आसपास अकाउंट्समधून फोन येतो, ‘पुढच्या महिन्याचा तुमच्या डिपार्टमेंटचा ओटी किती धरू?’ नवा सुपरवायझर किंवा टाइम ऑफिसमध्ये नुकताच लागलेला मुलगा मागच्या महिन्याचा आकडा काढतो, त्यात थोडी भर टाकतो आणि पाठवून देतो. जळगावच्या एमआयडीसीत नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीत हे कसंबसं खपून जातं. एप्रिल-मे मध्ये खपत नाही, कारण मध्ये आखाजी येते.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. खान्देशात तिचा मान दिवाळीच्या बरोबरीचा. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, पितरांची घागर भरायची असते, आणि लग्नसराईही त्याच सुमारास भरात असते. यावल, चोपडा, धरणगाव, एरंडोलकडून रोज ये-जा करणारा ऑपरेटर ‘साहेब, आखाजीले घर जानंच पडस’ म्हणतो, तेव्हा तो रजेची परवानगी मागत नसतो, माहिती देत असतो. तिथी इंग्रजी कॅलेंडरप्रमाणे चालत नाही. आखाजी २०२४ मध्ये १० मेला होती, २०२५ मध्ये ३० एप्रिलला, २०२६ मध्ये १९ एप्रिलला, आणि २०२७ मध्ये ती परत मे महिन्यात जाते. म्हणून ‘गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये किती झाला होता?’ हा प्रश्नच इथे चुकीचा आहे. २०२५च्या एप्रिलमध्ये आखाजीचे निम्मेच खाडे पडले, उरलेले मे महिन्यात गेले.

खाली एकाच डिपार्टमेंटचा एप्रिल २०२६चा अंदाज पहिल्यापासून करून दाखवतो. डिपार्टमेंट नमुन्याचं आहे, आकडे हिशेब दिसावा म्हणून घेतलेले आहेत. तुम्ही तुमच्या मस्टरमधले टाका. पद्धत दालमिललाही लागू पडते आणि चटईच्या कारखान्यालाही.

आधी एकच पद निवडा

आपला विभाग पाइप एक्स्ट्रूजनचा. सहा लाइनी, चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस चालू. प्रत्येक लाइनीवर एक ऑपरेटर लागतो, म्हणजे पाळीला सहा आणि दिवसाला अठरा. हेल्पर, पॅकिंगवाले, क्वालिटीवाले वेगळे आहेत, आणि त्यांचा हिशेब वेगळाच करायचा.

ही वाटणी ठामपणे करा. सगळ्या डिपार्टमेंटची माणसं एकत्र मोजली की कागदावर नेहमी पुरेशी दिसतात, कारण तीन हेल्पर जास्त असतात आणि एक ऑपरेटर कमी असतो. डाय तापलेली असताना हेल्परच्या हाती लाइन देता येत नाही, त्यामुळे हेल्पर जास्त असूनही ऑपरेटरचा ओटी होतोच. ज्या कामावर जो माणूस खरोखर उभा राहू शकतो, तेवढ्यांचाच एक गट. बहुतेक विभागांत असे दोन-तीन गट निघतात, आणि ओटीचा मोठा भाग त्यांतल्या एकाच गटात असतो. सुरुवात त्याच्यापासून करा.

ऑपरेटर आहेत २४. प्रत्येकाला आठवड्यातून एक साप्ताहिक सुट्टी. सुट्ट्या अशा वाटल्यात की सोमवार, मंगळवार, शनिवार, रविवार रोज तीन जण सुट्टीवर आणि बुधवार, गुरुवार, शुक्रवार रोज चार जण. म्हणजे चार दिवस चार्टवर २१ नावं असतात आणि तीन दिवस २०. गरज रोज १८ची.

आता हे पाळीवार मांडा. २१ नावांच्या दिवशी सात-सात-सात, प्रत्येक पाळीत एक जादा माणूस. २० नावांच्या दिवशी पहिलीला सात, दुसरीला सात आणि तिसरीला सहाच. तिसऱ्या पाळीत त्या दिवशी जादा माणूस नाही. चार्ट बनवणाऱ्याने हे मुद्दाम केलेलं नसतं. तो वरून खाली नावं भरत येतो, आणि नावं संपतात तेव्हा नाइटचा रकाना भरत असतो.

एप्रिल २०२६ मध्ये बुधवार पाच, गुरुवार पाच, शुक्रवार चार, म्हणजे २० नावांचे दिवस १४. उरलेले १६ दिवस २१ नावांचे. महिन्याच्या ९० पाळ्यांपैकी ७६ पाळ्यांत एक जादा माणूस आहे आणि १४ पाळ्यांत, सगळ्या नाइटच्या, एकही नाही. हा आकडा कागदाच्या वर लिहून ठेवा. पुढचा सगळा हिशेब त्याच्यावर उभा आहे.

वार मोजायचा कंटाळा करू नका. ज्या महिन्यात पाच रविवार येतात आणि ज्यात पाच बुधवार येतात, त्यांचा जादा माणसांचा साठा वेगळा असतो. चार्ट तोच, माणसं तीच, तरी ओटी वेगळा.

सरासरी इथे फसवते

खाडे किती पडतात? आपल्या विभागात महिन्याभरात सगळे मिळून ७४ खाडे पडतील असं समजू. (हा आकडा कुठून आला ते पुढे दिसेल.) जादा माणसं महिन्याभरात ७६. शहात्तर जादा आणि चौऱ्याहत्तर गैरहजर, म्हणजे ओटी शून्य, उलट दोन माणसं वरच.

नवा माणूस इथेच चुकतो, आणि कधीकधी जुना मॅनेजरही. ज्या पाळीत कुणीच गैरहजर नाही, तिथला जादा माणूस तर त्या दिवशी येऊन गेला. त्याला साठवून ठेवता येत नाही आणि परवाच्या नाइटला वापरता येत नाही. तिसऱ्या पाळीत तीन खाडे पडले, तर एक जादा माणूस एक जागा भरतो आणि दोन जागांचा ओटी होतो. कमी खाड्यांची पाळी पैसे वाचवत नाही, जास्त खाड्यांची पाळी मात्र पैसे खाते. म्हणून महिन्याची सरासरी काढून वजाबाकी केली की अंदाज नेहमी कमीच येतो, जास्त कधीच येत नाही. अकाउंट्सवाले दर महिन्याला ‘पुन्हा ओलांडलं’ म्हणतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

यावर उपाय एकच आहे. खाडे किती पडले यापेक्षा एका पाळीत एकदम किती पडले हे मोजायचं.

मस्टरमधून काय काढायचं

गेल्या वर्षभराचं मस्टर घ्या. बायोमेट्रिकचा रिपोर्ट असेल तर उत्तम, पण बरोबर त्या काळातला शिफ्ट चार्टही हवा. प्रत्येक पाळीसाठी एक ओळ: तारीख, पाळी, चार्टवर किती नावं होती आणि त्यांतली किती आली नाहीत. चारच रकाने.

‘आली नाहीत’ म्हणजे काय, हे आधी ठरवून घ्या. चार्ट लागण्यापूर्वीच मंजूर झालेली रजा मोजू नका. त्या माणसाचं नाव चार्टवर नसतंच, आणि नवा चार्ट करतानाही तुम्ही मंजूर रजावाल्यांना वगळूनच नावं लिहिणार आहात. मस्टरवरून सगळी रजा खाड्यात धरली आणि चार्टवरूनही तीच माणसं वगळली, तर एकच माणूस दोनदा वजा होतो आणि अंदाज फुगतो. मोजायचा तो खाडा असा: नाव चार्टवर होतं, माणूस आला नाही. मग त्याने सकाळी फोन केला असो, नंतर सीएल भरली असो, किंवा काहीच केलं नसो.

दोन गोष्टींनी हा रिपोर्ट खराब होतो. एक म्हणजे आपसात पाळी बदलून घेणं. बायोमेट्रिकमध्ये एक जण पहिलीत गैरहजर दिसतो आणि दुसरीत आगंतुक हजर दिसतो, पण प्रत्यक्षात कुणीच कमी नव्हतं. ज्या दिवशी चार्टबाहेरचा माणूस हजर आहे, त्या दिवसाचे खाडे सुपरवायझरच्या डायरीशी ताडून बघा. दुसरी गोष्ट म्हणजे नाइटची तारीख. अकराला आलेला माणूस सकाळी सातला जातो, आणि काही मशिनं आउटपंच दुसऱ्या तारखेला टाकून आदल्या दिवशी ‘मिस पंच’ दाखवतात. नाइटचे खाडे अचानक दुप्पट दिसले, तर माणसांना बोलण्याआधी हे तपासा.

ओळी तयार झाल्या की त्यांचे प्रकार पाडा. इथे हौस आवरा. मी पाहिलेल्या काही शीट्समध्ये सोमवार, पगारानंतरचा दिवस, बाजाराचा दिवस, पावसाचा दिवस असे डझनभर प्रकार असतात, आणि मग एकेका प्रकारात चार-पाच ओळी उरतात. त्यातून काहीच कळत नाही. आपल्या विभागात तीन प्रकारांनी भागतं: साध्या दिवसाची पहिली-दुसरी पाळी, साध्या दिवसाची नाइट, आणि आखाजीचे पाच दिवस (आदले दोन, सणाचा, नंतरचे दोन) सगळ्या पाळ्यांसह.

पहिल्या दोन प्रकारांना एक वर्षाचं मस्टर पुरतं. आखाजीचे दिवस वर्षातून पाचच, म्हणून तिथे तीन वर्षं मागे जा: २०२३ची (२२ एप्रिल), २०२४ची आणि २०२५ची. प्रत्येक वर्षी तिथीभोवतीचे पाच दिवस, पाच दिवसांच्या पंधरा पाळ्या, तीन वर्षांच्या पंचेचाळीस.

नमुन्यातली मोजणी अशी आली. साध्या दिवसाच्या पहिल्या-दुसऱ्या पाळीत, दर १०० पाळ्यांपैकी ६० मध्ये एकही खाडा नाही, ३० मध्ये एक, ८ मध्ये दोन आणि २ मध्ये तीन. नाइटला दर १०० पैकी ४५ मध्ये एकही नाही, ३४ मध्ये एक, १६ मध्ये दोन, ५ मध्ये तीन. आखाजीच्या ४५ पाळ्यांपैकी फक्त ५ मध्ये सगळे हजर, १३ मध्ये एक खाडा, १४ मध्ये दोन, ९ मध्ये तीन आणि ४ मध्ये चार.

आता प्रत्येक जुन्या पाळीला एकच प्रश्न विचारायचा: तेव्हा एक जादा माणूस असता, तर किती जागांचा ओटी लागला असता? एक्सेलमध्ये D मध्ये प्रकार आणि E मध्ये खाडे असतील, तर F मध्ये पहिलं सूत्र टाकून खाली ओढा. दुसऱ्या सूत्राने त्या प्रकाराची सरासरी मिळते.

```
=MAX(0,E2-1)
=AVERAGEIFS(F:F,D:D,"NIGHT")
```

म्हणजे सरासरी घ्यायचीच आहे, पण ओटी काढून झाल्यावर. आधी खाड्यांची सरासरी आणि मग ओटी, हा उलटा क्रम वर सांगितलेल्या खड्ड्यात नेतो.

नमुन्यात हे हातानेही निघतं. साध्या पाळीत दोन खाड्यांच्या ८ पाळ्यांना एकेक ओटी आणि तीन खाड्यांच्या २ पाळ्यांना दोन-दोन, म्हणजे १०० पाळ्यांमागे १२, पाळीला ०.१२. नाइटला १६ अधिक १०, म्हणजे ०.२६. आखाजीला १४ अधिक १८ अधिक १२ म्हणजे ४४, भागिले ४५, जवळपास ०.९८.

जादा माणूस नसेल, तर प्रत्येक खाडा म्हणजे ओटी. तेव्हा खाड्यांची साधी सरासरीच घ्यायची: नाइटला ०.८१ आणि आखाजीला १.८७. (चार्टवर सातऐवजी सहाच नावं असल्यामुळे खाडे किंचित कमी पडतील. तो फरक इथे सोडून दिला आहे, अंदाज जरा वरच्या बाजूला राहिलेला बरा.)

नाइटचे ०.२६ आणि ०.८१ हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. एका जादा माणसामुळे नाइटचा ओटी एक तृतीयांशावर येतो. पहिल्या पाळीत तोच माणूस बहुतेक दिवस रिकामाच असतो.

आता एप्रिल भरायचा

१९ एप्रिल रविवार. आखाजीचे पाच दिवस शुक्रवार १७ ते मंगळवार २१. त्यांतला शुक्रवार २० नावांचा, बाकी चार दिवस २१ नावांचे. पंधरापैकी चौदा पाळ्यांत जादा माणूस आहे, शुक्रवारच्या नाइटला नाही. चौदा गुणिले ०.९८ म्हणजे १३.७, त्यात शुक्रवार नाइटचे १.९. आखाजीचा ओटी साधारण १५.६ ड्युट्या.

उरले २५ दिवस. पहिल्या-दुसऱ्या पाळ्या ५०, सगळ्यांत जादा माणूस, ५० गुणिले ०.१२ म्हणजे ६ ड्युट्या. नाइट २५. त्यांतल्या १२ मध्ये जादा माणूस आहे, त्या ३.१ ड्युट्या देतात. उरलेल्या १३ मध्ये नाही, त्या १०.५ देतात.

सगळं मिळून ३५.२ ड्युट्या. आठ तासांनी गुणलं की २८२ तास.

पडताळ्यासाठी त्याच आकड्यांनी एकूण खाडे काढा: साध्या पाळ्यांचे २६, नाइटचे २०, आखाजीचे २८, एकूण ७४. सरासरीने शून्य ओटी दाखवणारा महिना तो हाच. पाळीवार मोजला तर पस्तीस ड्युट्यांचा.

आणि बघा, या पस्तीसपैकी पंधरा पाच दिवसांत आहेत आणि साडेदहा तेरा रात्रींत. उरलेला महिना जवळपास फुकटात जातो. मॅनेजरपुढे जाताना हे वाक्य आकड्याच्या आधी सांगा.

तासांचे रुपये

कारखान्यात ओटी साध्या दराच्या दुपटीने द्यावा लागतो. १९४८च्या कारखाने अधिनियमात ते कलम ५९ मध्ये होतं, आणि नव्या कामगार संहितेतही दुप्पटच आहे. प्रश्न असतो तो दुप्पट कशाची. जुन्या कायद्यात मूळ पगार अधिक भत्ते धरले जात आणि बोनस वगळला जाई. नव्या संहितेत ‘वेतना’ची व्याख्या वेगळी आहे. तुमच्याकडे कोणते भत्ते धरतात हे पगारपत्रक करणाऱ्याला विचारून घ्या, स्वतः ठरवू नका.

नमुन्यात ओटीसाठी धरला जाणारा पगार महिन्याला १५,६०० रुपये समजू. भागिले २६ दिवस, भागिले ८ तास, म्हणजे तासाला ७५. दुप्पट १५०.

पण अंदाजासाठी मी हा दर वापरत नाही. ओटी रजिस्टरमधून मागच्या तीन महिन्यांत दिलेले एकूण रुपये घ्या आणि त्यांना एकूण तासांनी भागा. नमुन्यात तो दर १६२ येतो. फरक पडतो कारण ओटीला थांबणारे बहुतेक जुने ऑपरेटर असतात, आणि त्यांचा पगार सरासरीपेक्षा जास्त असतो. पगारवाढ किंवा महागाई भत्त्यातला बदल त्या महिन्यापासून लागणार असेल, तर तेवढी टक्केवारी वर चढवा. ओटीवर ईएसआयसारखं काही लागत असेल तर तेही अकाउंट्सला विचारून वेगळ्या ओळीत दाखवा.

२८२ गुणिले १६२ म्हणजे ४५,६८४ रुपये.

हा झाला खाड्यांचा ओटी. रजिस्टरमध्ये दुसऱ्या कारणांचाही असतो: डाय बदलायला वेळ लागला, लाइन बंद पडली, मार्चएन्डचा किंवा सीझनचा डिस्पॅच. पाइपवाल्यांकडे पावसाळ्याआधी शेतीच्या ऑर्डरी वाढतात, त्याचा ओटी खाड्यांत मिसळू नका. तो प्रोडक्शन प्लॅनवरून येतो, मस्टरवरून नाही. नमुन्यात महिन्याला सरासरी ६० तास धरले, म्हणजे ९,७२० रुपये. दोन्ही मिळून ५५,४०४. रजिस्टरात कारणाचा रकानाच नसेल, तर या महिन्यापासून सुरू करा. दोन अक्षरी खूण पुरे, ‘खा’ म्हणजे खाडा, ‘का’ म्हणजे काम.

एकच आकडा देऊ नका. आखाजीच्या पंधरा पाळ्यांचा ओटी तीन वर्षांत सारखा नव्हता: एका वर्षी १०, एका वर्षी १४, एका वर्षी २०, मिळून ते ४४. सगळ्यात बरं आणि सगळ्यात वाईट वर्ष धरून हिशेब केला, तर खाड्यांचा ओटी ३१ ते ४१ ड्युट्यांत पडतो, म्हणजे सुमारे ४० ते ५३ हजार. अकाउंट्सला ५५ हजार लिहून द्या आणि खाली एक ओळ टाका: ‘आखाजी जड गेली तर ६३ हजारांपर्यंत.’ कारण लिहिलेलं असलं की महिनाअखेरीला भांडण होत नाही.

अंदाज कुठे तुटतो

पहिली अडचण पगाराच्या महिन्याची. काही कारखान्यांत मस्टर २१ ते २० असं बंद करतात. तसं असेल तर १७ ते २० तारखांचा ओटी एका पगारात जाईल आणि २१ तारखेचा पुढच्या पगारात. अकाउंट्स विचारतंय तो खर्च कॅलेंडर महिन्याचा की पगाराच्या महिन्याचा, हे आधी विचारा. ओळी तारखेवार असल्यामुळे कुठूनही कापता येतात. महिन्याची सरासरी असती तर कापता आली नसती.

दुसरी अडचण साप्ताहिक सुट्टीवर बोलावण्याची. खाडा पडला की काही सुपरवायझर ओटी न लावता सुट्टीवरच्या माणसाला बोलावतात आणि बदली सुट्टी देतात. त्या महिन्यात खर्च कमी दिसतो. पण कायद्याप्रमाणे अशी बुडालेली सुट्टी त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत द्यावी लागते. एप्रिलमध्ये दहा सुट्ट्या उचलल्या, तर मे-जूनच्या चार्टवरून दहा नावं कमी होणार, आणि तिथले जादा माणूस संपणार. म्हणून देणं असलेल्या बदली सुट्ट्यांची यादी ठेवा, आणि पुढचा चार्ट करताना त्या आधी वजा करा. जूनमध्ये पेरणीचे खाडे असतात, हे विसरू नका.

तिसरी गोष्ट माणसांची मर्यादा. २८२ तास २४ जणांत वाटले तर माणशी बारा तासही होत नाहीत. पण ओटी सगळे घेत नाहीत. ज्यांची शेवटची एसटी चुकते ते थांबत नाहीत, जे गावात राहतात तेच थांबतात. सहा जणांनीच घेतला तर प्रत्येकी ४७ तास, एकाच महिन्यात. एका माणसाने तिमाहीत किती तास ओटी करायचा, आणि एका दिवसात एकूण किती तास काम करायचं, यांना कायद्याने मर्यादा आहे. मूळ केंद्रीय कायद्यात तिमाहीची मर्यादा ५० तासांची होती, महाराष्ट्राने ती वाढवली आहे. आज लागू असलेला आकडा तुमच्या लेबर कन्सल्टंटकडून लेखी घ्या आणि शीटच्या वर चिकटवा. सलग सोळा तासांची डबल ड्युटी कोणत्याच मर्यादेत बसत नाही. म्हणून जागा भरताना आधीच्या पाळीचा एक चार तास थांबवायचा आणि पुढच्या पाळीचा एक चार तास आधी बोलवायचा, अशी पद्धत आहे. तीही दिवसाच्या मर्यादेत बसते का, ते त्याच कागदावर बघा. अंदाज सांगतो तेवढे तास द्यायला माणसंच उरली नसतील, तर ओटी कमी होणार नाही, लाइन बंद राहील. तो खर्च या शीटमध्ये दिसत नाही.

चार्ट बदलून बघणं

शीट तयार झाली की ‘असं केलं तर?’ हा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो, आणि उत्तर बहुतेकदा वाटतं त्यापेक्षा लहान असतं. साध्या दिवसांच्या ज्या तेरा रात्री जादा माणसाशिवाय आहेत, तिथे पहिल्या पाळीचा जादा माणूस हलवून बघू. नाइटचा ओटी ०.८१ वरून ०.२६ वर येतो, पण पहिली पाळी आता सहावर चालते आणि तिचा ०.१२ चा ०.५२ होतो. निव्वळ वाचतात पाळीमागे ०.१५, तेरा दिवसांत दोन ड्युट्या, अडीच हजार रुपये. शिवाय नाइटला कोण जाणार यावरून कुरबुर. कदाचित नकोच.

आखाजीच्या पाच दिवसांसाठी पाळीला एक जास्तीचा बदली ऑपरेटर घेतला तर? तेव्हा दोन खाड्यांपर्यंत ओटी लागत नाही. पंधरा पाळ्यांत मिळून नऊ ड्युट्या वाचतात, म्हणजे बारा हजारांच्या आसपास. बदलीवाल्याची हजेरी साध्या दराने दिवसाला ६०० धरली, तर पंधरा पाळ्यांचे नऊ हजार जातात. फायदा तीन हजारांचा, आणि लाइन बंद पडण्याचा धोका बराच कमी. हे मॅनेजरपुढे ठेवण्यासारखं आहे, अर्थात डाय सांभाळू शकणारा बदली ऑपरेटर आखाजीच्या आठवड्यात मिळाला तर. त्यालाही आखाजी असतेच.

सगळ्यात स्वस्त उपाय चार्ट लावण्याआधी नावं विचारण्याचा. मार्चअखेरीला चोवीस जणांना विचारायचं, कोण कधी जाणार. ज्यांची रजा आधी कळली, ती सगळी एकाच पाळीत पडू द्यायची नाही. चार खाडे एका रात्रीत पडले तर तीन ओटी, तेच दोन-दोन वेगवेगळ्या पाळ्यांत पडले तर दोन. माणसं तितकीच गेली, ड्युटी एक वाचली.

महिना संपल्यावर

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात प्रत्यक्षातला आकडा हाती येतो. एकूण रुपयांची तुलना करून थांबू नका. तीन गोष्टी वेगवेगळ्या बघा: खाडे ७४ च्या जवळ आले का, तेवढ्याच खाड्यांना ओटीच्या ड्युट्या ३५ च्या जवळ आल्या का, आणि तासाचा दर १६२ राहिला का.

खाडे जास्त असतील, तर कोणत्या प्रकारात ते शोधा. साध्या नाइटला वाढले असतील, तर बहुधा एक-दोन माणसं वारंवार तीच पाळी चुकवत असतात, आणि तो प्रश्न अंदाजाचा नाही. खाडे बरोबर पण ड्युट्या जास्त, तर जादा माणूस चार्टवर होता पण प्रत्यक्षात दुसऱ्या कामाला लावला होता. स्टोअरला पाठवला, डिस्पॅचला पाठवला, हे फार चालतं. ड्युट्या बरोबर पण रुपये जास्त, तर ओटी कुणाला मिळाला ते बघा. आणि ओटीच्या ड्युट्या खाड्यांपेक्षाही जास्त निघाल्या, तर खाड्यांच्या नावाखाली दुसराच ओटी लिहिला जातोय. ‘खा’ची खूण ज्या तारखेला आहे, त्या तारखेचं मस्टर काढा आणि त्या पाळीत नक्की कोण गैरहजर होतं ते नावाने विचारा.

एप्रिलच्या नव्वद ओळी जुन्या शीटखाली जोडा. आखाजीच्या ४५ पाळ्यांच्या ६० होतील. पुढचा सण श्रावणात, कानबाईचा आणि नंतर पोळ्याचा. त्यांचे खाडे वेगळा प्रकार करण्याइतके येतात का, ते गेल्या दोन वर्षांच्या ओळी बघून ठरवा.